फॉरवर्डमध्ये एबी, रिव्हर्समध्ये बी: रक्त देण्याआधी हा गुंता कसा सोडवायचा

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात एका रक्तपेढीत शिकाऊ टेक्निशियन आहे. परवा एका आजींचं सॅम्पल आलं, खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन पिशव्या हव्या होत्या. फॉरवर्डमध्ये अँटी-ए ३+, अँटी-बी ४+, अँटी-डी ४+ आलं, म्हणजे एबी पॉझिटिव्ह. पण रिव्हर्समध्ये ए सेलला १+ गुठळी दिसली, बी सेल आणि ओ सेल शून्य. म्हणजे बी? सिनियर म्हणाले रिपोर्ट थांबव. नातेवाईक म्हणत होते, बाहेरच्या लॅबचं एबी पॉझिटिव्हचं कार्ड आहे, मग उशीर कशाला? अशा वेळी कोणती बाजू खरी मानायची? आणि क्रॉसमॅच जुळला तर रक्त द्यायला हरकत काय?

उत्तर:

त्या क्षणी कोणतीच बाजू खरी मानायची नाही. तुमच्या सिनियरनी रिपोर्ट थांबवला ते अगदी बरोबर केलं. दोन्ही बाजूंचा मेळ बसेपर्यंत गट जाहीर करायचा नाही. मधल्या काळात रक्त लागलंच तर क्रॉसमॅच जुळलेल्या ओ गटाच्या पॅक्ड सेल द्यायच्या. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा पहिला संशय ए२बी गट आणि रक्तात अँटी-ए१, असा आहे. पण संशय आणि निदान यांच्यामध्ये बऱ्याच नळ्यांचं काम आहे. ते कसं करायचं आणि क्रॉसमॅचवर सगळा भार का टाकायचा नाही, हे नीट सांगते.

लँडस्टायनरने १९०१ मध्ये एबीओ गट मांडले, त्यातली एक गोष्ट बाकीच्या बहुतेक रक्तगट-प्रणालींमध्ये नाही. तांबड्या पेशीवर जो अँटिजेन नाही, त्याच्या विरुद्धची अँटिबॉडी रक्तात आधीपासूनच तयार असते. त्यासाठी कधी रक्त चढलेलं असावं लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर ए आणि बी सारखेच साखरेचे घटक असतात, त्यांच्याशी गाठ पडून बाळपणीच्या पहिल्या काही महिन्यांत ही अँटिबॉडी तयार होते. म्हणून एबीओ गट दोन बाजूंनी तपासता येतो. फॉरवर्डमध्ये रुग्णाच्या पेशी आणि आपलं ओळखीचं अँटीसीरम. रिव्हर्समध्ये रुग्णाचा प्लाझ्मा आणि आपल्या ओळखीच्या पेशी. एबी माणसाच्या प्लाझ्मात अँटी-ए नसते आणि अँटी-बी पण नसते, त्यामुळे रिव्हर्सच्या सगळ्या नळ्या कोऱ्या यायला हव्यात. आजींची ए सेलची नळी कोरी आली नाही, तिथेच अडलं. आरएच-डीला अशी उलट बाजू नाही, कारण अँटी-डी आपोआप तयार होत नाही. त्यामुळे डीच्या बाबतीत ही पडताळणी मिळतच नाही.

आता निकाल वाचताना नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघू नका, जोर बघा. नळी हळूच हलवल्यावर पेशींचं बटण एकाच घट्ट तुकड्यात सुटलं आणि भोवतालचं पाणी स्वच्छ राहिलं तर ४+. बारीक-बारीक गुठळ्या आणि भोवती लालसर पाणी असेल तर १+. प्रौढ माणसात फॉरवर्डची प्रतिक्रिया सहसा ३+ ते ४+ असते आणि रिव्हर्सची २+ च्या पुढे. मेळ बसत नसेल तेव्हा बहुतेक वेळा कमजोर नळीत गोम असते. आजींच्या बाबतीत सगळ्यात कमजोर नळी ए सेलची, १+. खरा बी गट असता तर ती ३+ किंवा ४+ आली असती, शिवाय अँटी-ए ला ३+ येण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे इथे 'फॉरवर्ड खरं की रिव्हर्स खरं' हा प्रश्न सोडून द्यायचा आणि 'ए सेलला ही अशक्त गुठळी कशामुळे आली' एवढंच शोधायचं.

पण त्याआधी सॅम्पल. रक्तपेढीतल्या सर्वांत जीवघेण्या चुका नळीत होत नाहीत, खाटेशी होतात: शेजारच्या रुग्णाचं रक्त आजींच्या नावाच्या नळीत जातं. म्हणून वॉर्डातून नवीन सॅम्पल मागवा, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने काढलेलं. नाव आणि नोंदणी क्रमांक हे दोन्ही खाटेशीच, रक्त काढल्या-काढल्या लिहिलेले हवेत. जुनी नळी आणि नवी नळी दोन्हींवर सारखेच आकडे आले, तर सॅम्पल आजींचंच आहे यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. कुणीतरी नर्सिंग स्टेशनवर बसून आधीच चार नळ्यांवर नावं लिहून ठेवली आहेत असं कळलं, तर ते सॅम्पल सरळ परत पाठवा. वाद होईल, होऊ द्या.

सॅम्पल ईडीटीएचं असेल तर बरं. साध्या नळीतलं रक्त नीट गोठलं नसेल तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, त्यात पेशी अडकतात आणि १+ सारखा देखावा तयार होतो. उलट साध्या नळीच्या सीरमचा एक फायदा आहे: त्यात काँप्लिमेंट जिवंत असतं, त्यामुळे जोरदार अँटिबॉडी कधी गुठळी न करता पेशी फोडूनच टाकते. रिव्हर्सच्या नळीत बटण दिसत नाही आणि वरचं पाणी लाल झालंय, तर तो निगेटिव्ह नव्हे, पॉझिटिव्ह निकाल आहे. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे प्लाझ्मात हे दिसत नाही.

दुसऱ्या फेरीत आजींच्या पेशी सलाइनने तीनदा धुवा आणि तीन ते पाच टक्क्यांचं सस्पेन्शन नव्याने करा. पेशी जास्त झाल्या तर अशक्त प्रतिक्रिया दडते, कमी झाल्या तर बटण नीट दिसत नाही. नळीत आधी अँटीसीरम किंवा प्लाझ्मा, मग पेशी, हा क्रम ठेवा. अँटीसीरमला रंग असतो, प्लाझ्मा मात्र फिकट, त्यामुळे रिव्हर्समध्ये प्लाझ्मा टाकायचा राहून गेला तरी लक्षात येत नाही. रिव्हर्सला प्लाझ्माचे दोन थेंब, पेशींचा एक. अँटीसीरमच्या बाटलीची मुदत आणि त्या दिवशीचे कंट्रोल पुन्हा बघा.

इथे एक नळी आवर्जून लावा, जी शिकाऊ लोक हमखास विसरतात. एबी पॉझिटिव्ह गटात फॉरवर्डच्या सगळ्याच नळ्या पॉझिटिव्ह येतात. मग पेशी अँटीसीरममुळे चिकटल्या की आपापल्याच चिकटत होत्या, हे सांगणार कोण? त्यासाठी धुतलेल्या पेशी सहा ते दहा टक्के अल्ब्युमिनमध्ये, किंवा अँटीसीरम बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या कंट्रोलमध्ये टाकून त्याच वेळी फिरवायच्या. ती नळी शून्य आली तरच एबी पॉझिटिव्ह हे वाचन ग्राह्य. ती पॉझिटिव्ह आली तर अख्खं फॉरवर्ड बाद. पेशी ३७ अंशांच्या कोमट सलाइनने धुवून पुन्हा सुरुवात. आजींची ही नळी शून्य आली असं धरून पुढे जाऊ.

तोवर वॉर्डातून माहिती काढा. वय आणि निदान काय, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलंय का, डेक्स्ट्रानसारखी द्रवं शिरेतून दिली आहेत का, मूळपेशींचं प्रत्यारोपण झालंय का. यातलं प्रत्येक उत्तर रक्तगटाचा वेगळा देखावा उभा करू शकतं. फोनवर दोन मिनिटांत कळणाऱ्या गोष्टी असतात, पण त्या कळल्याशिवाय पुढच्या नळ्या लावल्या तर आपण अंधारातच चाचपडतो.

आता ए सेलला १+ का, याचे उमेदवार. पहिला, थंडीत चिकटणारी स्वतःविरुद्धची अँटिबॉडी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळा उघडतो तेव्हा खोली चांगलीच गार असते, आणि अशा सकाळी या अँटिबॉडी हटकून डोकं वर काढतात. पण त्या सहसा अँटी-आय जातीच्या असतात, आणि आय अँटिजेन ओ सेलवर भरपूर असतो. आजींची ओ सेल शून्य आहे, त्यामुळे हा उमेदवार जवळपास बाद. ऑटो कंट्रोल, म्हणजे आजींचा प्लाझ्मा आणि आजींच्याच पेशी, हीसुद्धा एक नळी लावून तो शून्य आहे ना, बघून घ्या.

दुसरा उमेदवार रूलो. मायलोमासारख्या आजारात प्रथिनं वाढतात आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे ओळखू येतं, आणि प्लाझ्मा काढून त्या जागी तेवढंच सलाइन घातलं की चळत सुटते. खरी गुठळी सुटत नाही. शिवाय रूलो असता तर तो तीनही रिव्हर्स नळ्यांत दिसला असता.

तिसरा उमेदवार जरा लबाड आहे. अँटी-एम सारखी दुसऱ्याच प्रणालीतली अँटिबॉडी, जी खोलीच्या तापमानाला काम करते. तुमच्या ए सेल ज्या दात्याच्या, तो एम पॉझिटिव्ह असेल आणि ओ सेलचा दाता योगायोगाने एम निगेटिव्ह असेल, तर ए सेलला गुठळी, ओ सेल कोरी, अगदी हेच चित्र दिसतं. म्हणून एकच ओ सेल शून्य आली यावर समाधान मानू नका. अँटिबॉडी स्क्रीनिंगच्या पेशी सगळ्या ओ गटाच्याच असतात आणि त्यांचे बाकीचे अँटिजेन सोबतच्या तक्त्यात छापलेले असतात. त्या तीनही पेशी खोलीच्या तापमानाला आजींच्या प्लाझ्माबरोबर लावा. तक्त्यानुसार त्यात एम पॉझिटिव्ह पेशी आहेत आणि तरी सगळं शून्य, तर अँटी-एम नाही.

उरला ए२बी. ए गटाचे दोन मोठे पोटप्रकार, ए१ आणि ए२. ए१ पेशीवर ए अँटिजेनच्या साधारण आठ ते बारा लाख जागा असतात, ए२ वर सुमारे अडीच लाख. सोबत बी जनुक असेल तर ते त्याच कच्च्या मालावर, म्हणजे एच पदार्थावर, हक्क सांगतं, त्यामुळे ए२बी मध्ये ए आणखी कमी होतो. फरक नुसता संख्येचा नाही, रचनेचाही आहे. त्यामुळे काही ए२ आणि ए२बी माणसांचं शरीर ए१ पेशीला परकं मानून अँटी-ए१ बनवतं. पाठ्यपुस्तकं देतात ते प्रमाण असं: ए२ मध्ये १ ते ८ टक्के, ए२बी मध्ये २२ ते ३५ टक्के. म्हणजे ए२बी माणसात ही गोष्ट दुर्मिळ मुळीच नाही. आणि आपल्या रिव्हर्सच्या ए सेल सहसा ए१ असतात, म्हणून तिथे १+.

हे सिद्ध करायला अँटी-ए१ लेक्टिन लागतं. ते कशापासून काढतात ठाऊक आहे? डॉलिकॉस बायफ्लोरस, म्हणजे आपला हुलगा, कोकणातला कुळीथ. जुन्नर-आंबेगावकडे ज्याच्या पिठाची शेंगोळी करतात, त्याच दाण्याच्या सलाइनमधल्या अर्कात ए१ पेशींना पकडणारं प्रथिन असतं. घट्ट अर्क ए२ पेशींनाही चिकटवतो, म्हणून तो इतका विरळ करतात की फक्त ए१ ला गुठळी यावी. बाजारातली बाटली अशीच विरळ केलेली असते, तरीही दरवेळी एक ओळखीची ए१ आणि एक ओळखीची ए२ पेशी कंट्रोल म्हणून लावाच. ए१ ला ठणठणीत गुठळी, ए२ ला शून्य, आणि आजींच्या पेशींना शून्य. हे तिन्ही एकत्र आले की आजींच्या पेशी ए१बी नाहीत हे कळलं. मात्र रुग्णाला अलीकडे दुसऱ्याचं रक्त चढलेलं असेल तर त्यांच्या नळीत दोघांच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि लेक्टिनचा निकाल भरवशाचा राहत नाही; म्हणूनच मघाची फोनवरची चौकशी. तान्ह्या बाळातही तो चालत नाही, कारण ए अँटिजेन तेव्हा पुरता वाढलेला नसतो.

पेशींची बाजू झाली, आता प्लाझ्माची. तीन वेगवेगळ्या दात्यांच्या ए१ पेशी, तीन ए२ आणि तीन ओ, अशा नऊ नळ्या आजींच्या प्लाझ्माबरोबर खोलीच्या तापमानाला लावा. तीनही ए१ ला गुठळी आणि बाकी सहा कोऱ्या, असं आलं की ती अँटी-ए१ च. एकेकच पेशी घेतली तर योगायोगाला जागा राहते, तीन-तीन घेतल्या की ती उरत नाही. लहान रक्तपेढीत ओळखीच्या ए२ पेशी हाताशी नसतात ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे आपल्याच साठ्यातल्या ए गटाच्या पिशव्यांच्या नळीतले तुकडे लेक्टिनने तपासून ए२ निवडून ठेवायचे.

शेवटची पायरी तापमानाची, आणि उपचाराच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची. त्याच ए१ नळ्या ३७ अंशांवर ठेवा, मग कूम्ब्सपर्यंत, म्हणजे अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन घालून बघण्याच्या टप्प्यापर्यंत, न्या. अँटी-ए१ बहुतेक वेळा आयजीएम असते, गारठ्यात जोर धरते आणि शरीराच्या तापमानाला गप्प बसते. गप्प बसली तर तिचा रुग्णाला उपद्रव नाही. पण क्वचित ती ३७ अंशांनाही काम करते, आणि तेव्हा ए१ पेशी दिल्या तर त्या फुटू शकतात.

मग आजींना द्यायचं काय? इथे पेशी आणि प्लाझ्मा यांची गणितं उलटी आहेत, आणि याच ठिकाणी घोटाळे होतात. पेशी निवडताना आजींच्या प्लाझ्मात काय आहे ते बघायचं: अँटी-ए१. म्हणजे बी, ओ किंवा ए२बी पॅक्ड सेल सुरक्षित. आपल्याकडे बी आणि ओ या गटांचे दाते मुबलक असल्यामुळे प्रत्यक्षात बी देणंच सोपं जातं. ३७ अंश आणि कूम्ब्सला प्रतिक्रिया शून्य असेल तर क्रॉसमॅच जुळलेली साधी एबी पिशवीही नियमाला धरून चालते. पण बी हाताशी असताना मी एबीकडे जात नाही. उगाच प्रश्न कशाला ओढवून घ्या. प्लाझ्मा निवडताना मात्र आजींच्या पेशींवर काय आहे ते बघायचं: ए आणि बी दोन्ही. म्हणून एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा, एबीचाच. बी गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए असते आणि ती आजींच्या ए२ अँटिजेनलाही सोडत नाही. याच कारणाने बी किंवा ओ द्यायचं ते पॅक्ड सेलच द्यायचं, होल ब्लड नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. कुणी घाईत रिव्हर्सवर विश्वास ठेवून आजींना 'बी पॉझिटिव्ह' असा शिक्का मारला असता, तर बी पिशव्यांचा क्रॉसमॅच सगळ्या टप्प्यांत छान जुळला असता. चूक झाकलीच गेली असती. दुसऱ्या दिवशी रक्तस्राव वाढला, सर्जनने चार एफएफपी मागवले, तर त्याच शिक्क्यावर बी गटाचा प्लाझ्मा गेला असता, आणि प्लाझ्माचा क्रॉसमॅच कुणी करत नाही. याच आजी तरुणपणी दात्या म्हणून आल्या असत्या आणि त्यांची पिशवी बी म्हणून साठ्यात गेली असती, तर बी गटाच्या रुग्णाच्या जोरदार अँटी-ए ने त्या पेशी फोडल्या असत्या. तिथे क्रॉसमॅचने कदाचित वाचवलं असतं, पण तातडीच्या वेळी विनाक्रॉसमॅच दिलेल्या पिशवीत तेही नाही.

क्रॉसमॅच नेमका काय बघतो ते लक्षात घ्या. मेजर क्रॉसमॅचमध्ये रुग्णाचा प्लाझ्मा आणि त्या एका पिशवीच्या पेशी एकत्र येतात, बस्स. नळीत प्लाझ्माचे दोन थेंब, पिशवीच्या धुतलेल्या पेशींचा एक थेंब, आणि लगेच फिरवायचं. हा सलाइनचा टप्पा, एबीओची चूक पकडणारा. मग तीच नळी ३७ अंशांवर, साध्या सलाइनमध्ये अर्धा ते एक तास, लिस, म्हणजे कमी क्षाराचं सलाइन, वापरलं तर दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर तीन-चारदा धुवून अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन घालायचं आणि पुन्हा फिरवायचं. हा कूम्ब्सचा टप्पा आरएच, केल, डफी, किड यांच्या आयजीजी अँटिबॉडी दाखवतो. निगेटिव्ह नळीत कूम्ब्स कंट्रोल पेशी टाकायच्या आणि त्यांना गुठळी यायलाच हवी. आली नाही तर धुणं अपुरं झालं किंवा ग्लोब्युलिन पडलंच नाही, आणि तो निगेटिव्ह रद्द.

हल्ली बऱ्याच ठिकाणी थेट जेल कार्डात ०.८ टक्के पेशींचे ५० मायक्रोलिटर आणि प्लाझ्माचे २५ मायक्रोलिटर घालून, ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवून फिरवतात. काम सुटसुटीत होतं, वाचनही स्वच्छ. पण सलाइनचा वेगळा टप्पा राहत नाही. आजींच्या अशक्त, गारठ्यातल्या अँटी-ए१ बरोबर ए१बी पिशवी या कार्डात लावली तर ती जुळते असंच दिसण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे कार्ड सांगतंय 'द्या', आणि गटाचा गुंता मात्र तसाच. रुग्णाच्या डीच्या तपासणीत चूक झाली असेल तर तीही क्रॉसमॅच दाखवत नाही: निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह रक्त पहिल्यांदा अगदी जुळतं. आणि सॅम्पलच दुसऱ्या कुणाचं असेल तर सगळंच जुळतं, फक्त चुकीच्या माणसाशी.

तुम्हाला पुढे दिसतील अशा दुसऱ्या विसंगतींबद्दल थोडं. सर्वांत वारंवार भेटते ती रिव्हर्समधली हरवलेली गुठळी: फॉरवर्ड ओ, पण ए आणि बी सेल कोऱ्या किंवा जेमतेम. वयस्कर माणसं आणि अँटिबॉडी कमी करणारे आजार यांत असं होतं. त्या नळ्या खोलीच्या तापमानाला १५-३० मिनिटं, मग ४ अंशांवर ठेवल्या की बहुधा गुठळी उमटते. सोबत ओ सेल आणि ऑटो कंट्रोल मात्र हवेच, नाहीतर थंड अँटिबॉडीलाच उत्तर समजाल. चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं रिव्हर्स मुळात करतच नाहीत, त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी आईच्या असतात. फॉरवर्डमध्ये एखाद्या नळीत काही पेशी घट्ट चिकटलेल्या आणि काही मोकळ्या दिसल्या, तर आधी अलीकडच्या रक्तसंक्रमणाची चौकशी करा. ए गटाच्या माणसाला ओ पिशव्या गेलेल्या असतात. ल्युकेमियात अँटिजेन फिका पडू शकतो आणि आजार आटोक्यात आल्यावर परतू शकतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा तिथला जंतुसंसर्ग असलेल्या ए गटाच्या रुग्णात जिवाणूंचं एन्झाइम ए अँटिजेनचा तुकडा काढून त्याला बी सारखं रूप देतं. तिथे अँटी-बी ची नळी अशक्त आणि प्लाझ्मात अँटी-बी जोरात. अशा रुग्णाला पेशी ए च्या किंवा ओ च्या, एबीच्या कदापि नाहीत.

आणि रिव्हर्सला ओ सेल लावणं कधीही टाळू नका. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या गटाची नोंद केली, तो बॉम्बे गट फॉरवर्डमध्ये हुबेहूब ओ दिसतो, रिव्हर्समध्ये ए आणि बी सेलला ४+ येतं तेही ओ सारखंच. त्याला वेगळं काढते ती एकटी ओ सेलची नळी, तिथेही ४+. या माणसाच्या पेशींवर एच पदार्थच नाही, त्यामुळे प्लाझ्मातली अँटी-एच ओ पिशवीलाही फोडते आणि ते ३७ अंशांवर. वर मी म्हटलं की गट सुटेपर्यंत ओ द्या. त्याला हा एक अपवाद. म्हणूनच त्या वाक्यात 'क्रॉसमॅच जुळलेल्या' हा शब्द आहे. बॉम्बे रुग्णाला ओ पिशव्या एकामागून एक जुळत नाहीत, आणि तिथे थांबून बॉम्बे दात्यांच्या यादीकडेच वळावं लागतं.

आजींच्या नातेवाइकांना सांगा की त्यांचं कार्ड खोटं नाही. बाहेरच्या लॅबमध्ये बहुधा स्लाइडवर दोन थेंब घेऊन फक्त फॉरवर्ड केलेलं असतं, आणि त्यात एबी पॉझिटिव्हच दिसणार. अँटी-ए१ तिथे दिसायची सोयच नाही. रजिस्टरमध्ये सगळे आकडे जोरासकट लिहा, कंट्रोलच्या नळ्यांसकट, आणि रिपोर्टवर असं: ए२बी, आरएच-डी पॉझिटिव्ह, अँटी-ए१ आढळली, खोलीच्या तापमानाला क्रियाशील, ३७ अंश व कूम्ब्सला निष्क्रिय, पॅक्ड सेल बी, ओ किंवा ए२बी, क्रॉसमॅच जुळल्यावर, प्लाझ्मा एबी. ३७ अंशांना ती क्रियाशील निघाली तर तसं ठळक लिहा आणि ए१ पेशी देऊ नयेत, हे वाक्य वेगळ्या ओळीत घाला. त्याची एक प्रत आजींच्या फाइलला लावा आणि एक नातेवाइकांच्या हातात द्या, कारण पुढच्या वेळी त्या दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झाल्या तर तिथल्या टेक्निशियनला पुन्हा पहिल्या नळीपासून सुरुवात करावी लागणार नाही.